अर्ध्या मिनिटाची ओळख

व्यावसायिकांच्या बैठकीत प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला बहुधा अर्धा मिनिट मिळते, फार तर एक मिनिट. इव्हान मिस्नर यांनी 1985 साली अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआय या संस्थेच्या साप्ताहिक बैठकांमध्ये ही फेरी ठरलेलीच असते. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभ्या केलेल्या सॅटर्डे क्लबच्या सभांमध्ये, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्यापारी संघटनांच्या मेळाव्यांत आणि परदेशातल्या मराठी मंडळींच्या उद्योजक-भेटींतही साधारण हाच प्रकार असतो. एकेक जण उभा राहतो, नाव सांगतो, काम सांगतो, खाली बसतो. मग चहा होतो. कामाचे बोलणे खरे तर चहाच्या वेळी होते, पण कोणापाशी जाऊन बोलावे हे बऱ्याच जणांनी त्या आधीच्या अर्ध्या मिनिटावरून ठरवलेले असते.

या ओळखीत दोन दोष वारंवार दिसतात. एक तर ती पाठ करून आल्यासारखी वाटते, किंवा मग ऐकणाऱ्याला त्यात फुशारकी जाणवते. पहिला दोष आवाजाचा आणि दुसरा स्वभावाचा, असे वरवर पाहता वाटते, आणि म्हणून पहिल्यावर ‘सहज बोला’ व दुसऱ्यावर ‘नम्र राहा’ असे उपाय सुचवले जातात. त्यांचा उपयोग फारसा होत नाही, कारण दोन्ही दोषांचे मूळ एकच असते. ओळख कागदावर, स्वतःच्या बाजूने आणि माहितीपत्रकाच्या भाषेत तयार झालेली असते. ती सुधारायची तर ऐकणाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

ऐकणाऱ्याची त्या वेळची अवस्था मोठी चमत्कारिक असते. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी आळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायचा आणि नंतर कोणाकोणाचे शब्द आठवतात ते सांगायचे, असा तो होता. त्यात असे दिसले की स्वतःची पाळी येण्याच्या अगदी आधी जे वाचले गेले, ते माणसाला सगळ्यात कमी आठवते. कारण तेव्हा त्याचे लक्ष आपल्याला काय म्हणायचे आहे यात गुंतलेले असते. ओळखीच्या फेरीत हेच घडते. वीस जण बसले असतील तर ज्याची पाळी पुढे आहे तो मनातल्या मनात आपली वाक्ये घोळवत असतो आणि ज्याची नुकतीच झाली तो आपण कसे बोललो याचा विचार करत असतो. उरलेल्यांच्याही कानांवरून ओळीने नावे, कंपन्यांची नावे आणि आकडे जात असतात. अशा वेळी पाच गोष्टी सांगितल्या तर एकही राहत नाही. एकच सांगितली तर ती राहण्याचा संभव असतो.

ती एक गोष्ट कोणती असावी, यावर दुसऱ्या एका प्रयोगाने चांगला प्रकाश पडतो. 1987 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगितला. काही शब्द मुद्दाम असे निवडले होते की ते आडनावही होऊ शकतील आणि व्यवसायही. मराठीत सुतार किंवा सोनार हे शब्द तसे आहेत. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा तो लोकांच्या जास्त लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी. ‘हे सुतार’ म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटले की रंधा, भुसा, लाकूड असे सगळे येते आणि चेहरा त्याला चिकटून राहतो. म्हणजे ओळखीत मुख्य भार कामाच्या चित्रावर असायला हवा. नाव सावकाश आणि स्पष्ट सांगायचे, जमल्यास शेवटी पुन्हा एकदा सांगायचे. कंपनीचे नाव, हुद्दा, पदव्या यांना मात्र त्या अर्ध्या मिनिटात फारशी जागा नाही. त्या कार्डावर छापलेल्या असतात आणि तिथेच त्या बऱ्या.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका बाईंचे छोटे वर्कशॉप आहे. सीएनसी मशीनवर वापरून बोथट झालेल्या कार्बाइडच्या ड्रिलना आणि कटरना तिथे ग्राइंडिंग मशीनवर पुन्हा धार लावून दिली जाते. बाईंना उद्योजकांच्या बैठकीला जायचे आहे. त्या रात्री वही घेऊन बसतात आणि साधारण असा मजकूर तयार होतो:

‘नमस्कार. मी अमुक, अमुक टूल्स अँड सर्व्हिसेस या अग्रगण्य कंपनीची संस्थापक-संचालक. गेली बारा वर्षे आम्ही कटिंग टूल्सच्या क्षेत्रात दर्जेदार व किफायतशीर सेवा प्रदान करत आहोत. अत्याधुनिक यंत्रसामग्री, अनुभवी टीम आणि ग्राहकांचे समाधान हीच आमची ओळख. आपल्यापैकी कोणालाही गरज असल्यास जरूर संपर्क साधावा.’

यात खोटे काही नाही, व्याकरणही शुद्ध आहे. तरी हा मजकूर ऐकून त्या नेमके काय करतात ते कळत नाही. टूल विकतात की बनवतात, की भाड्याने देतात? आणखी एक कसोटी लावून पाहावी. ‘कटिंग टूल्स’ हे दोन शब्द काढून तिथे ‘केटरिंग’ किंवा ‘टूर्स’ घातले, तर बाकीचा मजकूर जसाच्या तसा चालतो. जे वाक्य कोणाच्याही तोंडी चालते ते कोणाचीच ओळख करून देत नाही. आणि गंमत म्हणजे, ओळख पाठ केल्यासारखी वाटण्याचे आणि बढाईची वाटण्याचे कारणही नेमकी हीच वाक्ये असतात. ‘प्रदान करत आहोत’ असे घरीदारी कोणी बोलत नाही, म्हणून ते वाचल्यासारखे ऐकू येते. ‘अग्रगण्य’ हे विशेषण स्वतःच स्वतःला लावलेले असते, म्हणून ते खुपते.

बाईंनी वही बाजूला ठेवावी आणि कोणाला तरी, शक्यतो या धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला, आपल्याकडे दिवसभरात काय घडते ते तोंडी सांगावे. शेजारची मावशी चालेल, भाचा चालेल. विचारणाऱ्याने एवढेच विचारायचे: तुमच्याकडे गिऱ्हाईक येते तेव्हा त्याच्या हातात काय असते, आणि जाताना काय असते? मग बाई सांगू लागतात: ‘चाकणच्या एका कारखान्याचा माणूस डबा घेऊन येतो. त्यात चाळीस-पन्नास ड्रिल असतात, बोथट झालेली. आम्ही एकेक ड्रिल भिंगाखाली बघतो. टोक फार तुटलेलं असेल तर ते बाजूला काढतो, त्याचं काही होत नाही. बाकीच्यांना धार लावून परत देतो. पूर्वी ते सगळं भंगारात घालायचे.’ हे बोलताना एकदाही ‘दर्जेदार’ म्हणावे लागले नाही, तरी काम नीट होते हे कळले. ओळखीला लागणारा सगळा माल या पाच-सहा वाक्यांत आला आहे. तो फक्त निवडून लावायचा आहे.

निवड करताना तीन गोष्टी ठेवायच्या. पहिली म्हणजे काम, ज्या शब्दांत ते गिऱ्हाईक सांगेल त्या शब्दांत. ‘टूल रिग्राइंडिंग सोल्यूशन्स’ असे गिऱ्हाईक म्हणत नाही, तो ‘ड्रिलला धार लावून आणा’ म्हणतो. दुसरी म्हणजे ज्याला ते काम लागते त्याची अडचण, एका वाक्यात. तिसरी म्हणजे मागणे: या खोलीतल्या लोकांकडून नेमके काय हवे आहे. या तिसऱ्या गोष्टीवर बहुतेक जण घसरतात. ‘कोणालाही गरज असेल तर’ हे सगळ्यांना सामावून घेणारे, मोकळे निमंत्रण वाटते, पण ते ऐकून कोणाचेच नाव मनात येत नाही. माणसाची स्मरणशक्ती नेमक्या खुणेवर चालते. ‘ज्यांच्याकडे चार-पाच सीएनसी मशीन आहेत, पण धार लावायची स्वतःची सोय नाही’ असे म्हटले की ऐकणाऱ्यातल्या एखाद्याला आपल्या मेहुण्याचे शेड आठवते. मागणे जितके अरुंद, तितके ते पुरे करणे सोपे, हा अनुभव अशा बैठकांना नियमित जाणाऱ्या कोणालाही येतो.

असे करता करता बाईंची ओळख पुढच्यासारखी होते:

‘नमस्कार, मी अमुक. भोसरीत आमचं वर्कशॉप आहे. कारखान्यांच्या बोथट झालेल्या ड्रिलना आम्ही परत धार लावून देतो. कार्बाइडचं ड्रिल महाग असतं, आणि बोथट झालं की पुष्कळ ठिकाणी ते सरळ भंगारात जातं. टोक फार तुटलेलं नसेल, तर धार लावून तेच ड्रिल पुन्हा वापरता येतं. ज्यांच्याकडे चार-पाच सीएनसी मशीन आहेत, पण धार लावायची सोय नाही, अशा कारखान्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर माझी त्यांच्याशी गाठ घालून द्या. मी अमुक, भोसरी.’

हे साधारण पासष्ट-सत्तर शब्द होतात आणि सावकाश बोलून अर्ध्या मिनिटाच्या आसपास बसतात. मिनिटभर वेळ मिळाला तर अडचणीचे वाक्य एका घडलेल्या प्रसंगात मोकळे करता येते. नवीन मुद्दे घालायचे नाहीत. वेळ उरला तरी चालतो. अर्धे मिनिट दिलेले असताना पंचवीस सेकंदांत बसलेल्या माणसाबद्दल कोणाची तक्रार नसते, आणि घंटी वाजल्यावरही बोलत राहिलेल्याचे आधीचे चांगले बोलणेही वाया जाते.

आता फुशारकीचा प्रश्न. मराठी मुलाला लहानपणापासून स्वतःची स्तुती स्वतः करू नये हे शिकवलेले असते. समर्थांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांच्या समासात आत्मस्तुती अगदी आरंभी घातली आहे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्यालाही त्याच ओळीत बसवले आहे. हा संस्कार चांगलाच आहे. पण त्यातून दोन उलटी टोके निघतात. काही जण बैठकीपुरती ही शिकवण गुंडाळून ठेवतात आणि विशेषणांचा मारा करतात. काही जण ‘आमचं काय, छोटंसंच काम आहे, विशेष काही नाही’ असे म्हणून बसतात. दुसऱ्या माणसाबद्दल आपुलकी वाटते हे खरे, पण त्याला काम देताना मन कचरते, कारण त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्यात विशेष काही नसते.

स्वतःची कर्तबगारी सांगणाऱ्याचा अंदाज किती चुकतो, हेही तपासले गेले आहे. आयरीन स्कोपेलिटी, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम फॉसगेराउ यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, बोलणाऱ्याला वाटते समोरचा आपल्या यशाने आनंदला असेल आणि त्याला फारसा त्रास झाला नसेल. प्रत्यक्षात आनंद त्याच्या अंदाजापेक्षा कमी असतो आणि त्रास जास्त. मग फुशारकी झाकण्यासाठी तक्रारीचा आव आणण्याची एक पद्धत निघते: ‘काय सांगू, ऑर्डरच इतक्या येतात की जेवायलाही वेळ मिळत नाही.’ ओवुल सेझर, फ्रान्चेस्का जीनो आणि मायकेल नॉर्टन यांनी 2018 साली या पद्धतीवर संशोधन प्रसिद्ध केले. झाकलेली बढाई सरळ बढाईपेक्षाही लोकांना कमी आवडते, असे त्यांना दिसले, कारण ऐकणाऱ्याला ती अप्रामाणिक वाटते. तेव्हा अभिमानाची गोष्ट असेलच, तर ती सरळ सांगितलेली बरी.

पण सरळ सांगणे म्हणजे स्वतःला गुण देणे नव्हे. घडलेली गोष्ट सांगायची आणि गुण देण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोडायचे. ‘तत्पर सेवा’ हे मत आहे. ‘सोमवारी आलेला डबा गुरुवारी परत जातो’ ही माहिती आहे, आणि ती तपासता येते. ‘बारा वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’ हेही नुसते वजन आहे. त्या अनुभवाचे काय झाले ते सांगितले की त्याला अर्थ येतो. बाईंना हे सहज करता येण्यासारखे आहे, कारण बोथट ड्रिल पाहून मशीनवर काय चुकते आहे ते जाणकाराला कळते. ड्रिलची एकच बाजू जास्त झिजली असेल तर बहुधा ते मशीनमध्ये सरळ धरलेले नसते; बाहेरचे कोपरेच लवकर गेले असतील तर वेग जास्त ठेवलेला असण्याची शक्यता असते. ‘बारा वर्षं हेच करतेय, त्यामुळे झिजलेलं ड्रिल बघून मशीनवर काय चुकतंय ते बऱ्याचदा सांगता येतं’ या वाक्यात बाईंनी स्वतःला हुशार म्हटलेले नाही. तरी कारखान्याच्या माणसाने ते ऐकले तर तो चहाच्या वेळी त्यांना शोधत येईल.

आणखी दोन ठिकाणी सांभाळावे लागते. मोठ्या गिऱ्हाइकांची नावे ओळीने घेणे हे सगळ्यात जास्त खटकते, आणि ते बरेचदा गैरसोयीचेही असते. अनेक कंपन्यांना आपले नाव असे घेतलेले चालत नाही. ‘चाकणचा एक गाड्यांचे भाग बनवणारा कारखाना’ एवढे पुरते. दुसरे म्हणजे इतरांशी तुलना. ‘बाकीचे लोक धार नीट लावत नाहीत’ असे म्हटले की त्या खोलीत बसलेला, तेच काम करणारा किंवा त्याचा नातेवाईक कायमचा दुरावतो. आपल्या पद्धतीतला फरक सांगायचा असेल तर फक्त आपली पद्धत सांगावी.

पाठ केल्यासारखे वाटण्याचे मोठे कारण लिखित भाषा हे आहे, ते वर आलेच. पण बोलीभाषेतला मजकूरही शब्दन् शब्द घोकला तर पाढे म्हटल्यासारखा येतो. त्याच्या खुणा ओळखता येतात. वेग सगळीकडे सारखा असतो, नाव आणि मागणेही बाकीच्या शब्दांच्या गतीने निघून जातात. पुढचे वाक्य शोधताना नजर वर किंवा कोपऱ्यात जाते. मध्येच कोणी काही विचारले तर माणूस अडखळतो आणि पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू करतो. ऐकणाऱ्याला या खुणा वेगवेगळ्या सांगता येणार नाहीत, पण आपल्याशी कोणी बोलत नाही, आपल्यासमोर म्हणून दाखवत आहे, हे त्याला लगेच जाणवते.

यावर तयारी टाळणे हा उपाय नाही. तयारी न करता उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा कोणाची तरी ऐकलेली ठरावीक वाक्येच बोलतो, कारण घाईत तीच आधी सुचतात. उपाय असा की पाठ करायचे ते फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य. पहिले यासाठी की उभे राहिल्यावर छातीत धडधडत असते आणि तेव्हा शब्द शोधावे लागू नयेत. शेवटचे यासाठी की कुठे थांबायचे ते ठरलेले असावे. नाही तर ‘तर असं आहे... आणखी काय... धन्यवाद’ अशी शेपटी लागते. मधल्या भागाचे फक्त क्रमाने तीन शब्द लक्षात ठेवायचे. बाईंच्या बाबतीत ते ‘महाग, भंगार, टोक’ असे असतील. त्या शब्दांवरून वाक्ये प्रत्येक वेळी नव्याने करायची. ती दर वेळी थोडी वेगळी होतील, एखादी ओबडधोबडही होईल, आणि त्यामुळेच ती बोललेली वाटतील.

सराव करायचा तो मोठ्याने, उभ्याने आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून. मुद्रण परत ऐकताना आवाज गोड आहे का याकडे लक्ष द्यायचे नाही. कोणत्या वाक्याला जीभ अडली ते पाहायचे. जिथे अडली ते वाक्य अजून लिहिलेल्या भाषेत आहे, असे समजून ते बदलायचे. मग घरातल्या कोणाला तरी मध्येच तोडायला सांगायचे. ‘कार्बाइड म्हणजे काय?’ असे त्याने मध्ये विचारले, आणि त्याला ‘अतिशय कठीण धातूमिश्रित पदार्थ असतो, पोलाद कापायला वापरतात’ असे सांगून जिथे होते तिथून पुढे जाता आले, तर ओळख तयार झाली. अडले, तर ती अजून घोकलेली आहे. ही कसोटी आरशासमोर कितीही वेळा म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

भाषेबद्दलही थोडे सांगायला हवे. पुण्या-मुंबईच्या बैठकांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा चालतात, आणि एका भाषेत तयार केलेली ओळख ऐन वेळी दुसरीत फिरवली की ती हमखास अवघडते. ज्या भाषांत बोलावे लागणार असेल त्या प्रत्येकीत वरची तोंडी सांगण्याची पायरी वेगळी करावी. वाक्ये तीच येणार नाहीत, येऊही नयेत. मराठी माणसांच्याच सभेत काम मराठीत सांगून ओळख मात्र इंग्रजीत देण्याची सवय पुष्कळांना असते. त्यात काम मोठे वाटत नाही, फक्त परके वाटते.

चहाच्या वेळची ओळख याहून निराळी असते. तिथे अर्धे मिनिटही एकट्याने बोलणे जड होते. ‘तुमचं काय काम?’ असे कोणी विचारले तर पहिले उत्तर एका वाक्याचे असावे: ‘आम्ही कारखान्यांच्या ड्रिलना धार लावून देतो, भोसरीत.’ आणि थांबावे. हे थांबणे नवख्याला फार कठीण जाते. शांतता पडली की ती भरून काढण्यासाठी तो उरलेला सगळा मजकूर ओततो, आणि सहज चाललेले बोलणे तिथे भाषण होते. दोन क्षण थांबले तर समोरचा काहीतरी विचारतो. तो जे विचारेल त्यालाच उत्तर द्यायचे. मनात ठरवलेल्या क्रमाला नव्हे.

समोरचा काही विचारत नसेल, तर आपण त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावे. हार्वर्डमधल्या कॅरेन हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, संभाषणात जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारलेल्या प्रश्नांचा परिणाम मोठा असतो, असे दिसले. समोरचे गृहस्थ पंपांचे सुटे भाग बनवतात असे कळल्यावर बाई विचारू शकतात, ‘म्हणजे स्टेनलेसमध्ये ड्रिलिंग बरंच असेल तुमच्याकडे. ड्रिल किती जॉबला पुरतं?’ या एका प्रश्नातून त्यांना काम येते हे जितके कळते तितके कोणत्याही ओळखीच्या वाक्यातून कळणार नाही. समोर चार्टर्ड अकाउंटंट असतील तर हा प्रश्न निरर्थक आहे. त्यांच्याशी बोलताना अडचणीचे वाक्य पुढे आणावे: ‘साहेब, तुमच्या कारखानदार क्लायंटचा टूलवरचा खर्च बघितला, की त्यातलं बरंच भंगारात गेलेलं असतं.’ काम तेच राहते, फक्त ऐकणाऱ्याला ज्या बाजूने दिसेल त्या बाजूने दाखवायचे असते. म्हणून एकच पक्की ओळख तयार करण्यापेक्षा हीच माहिती दोन-तीन प्रकारच्या माणसांना सांगून पाहणे हा सरावाचा अधिक चांगला भाग आहे.

ओळख जमली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. त्या सगळ्यांनाच मिळतात. ते पुढच्या प्रश्नावरून कळते. ‘अच्छा, छान’ म्हणून समोरचा गप्प झाला तर चित्र उभे राहिलेले नाही. ‘म्हणजे तुम्ही ड्रिल विकता का?’ असे विचारले तर कामाचे वाक्य चुकले आहे. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घरी गेल्यावर बदलायला हवे. ‘कार्बाइडला परत धार लागते? किती वेळा?’ असे विचारले तर वाक्य बरोबर बसले. त्याचे उत्तरही प्रामाणिक असावे: ड्रिल कसे झिजले आहे त्यावर ते अवलंबून असते, प्रत्येक वेळी लांबी थोडी कमी होते, आणि काही ड्रिल पहिल्याच खेपेला नाकारावी लागतात. मर्यादा सांगितल्याने काम जाईल अशी भीती अनेकांना वाटते. पण ‘सगळी ड्रिल नवी करून देतो’ असे म्हणणाऱ्यावर कारखान्यातला अनुभवी माणूस विश्वास ठेवणारच नाही.

या ओळखीकडून किती अपेक्षा ठेवायची तेही ठाऊक असावे. तिच्यावर ऑर्डर मिळत नाही. मिळाली तर एखादी गाठ मिळते, एखादा फोन नंबर मिळतो, आणि पुढचे काम त्या फोनवर व्हायचे असते. दोन दिवसांत ‘आपलं स्टेनलेसच्या ड्रिलबद्दल बोलणं झालं होतं, पाच ड्रिल पाठवा, बघून सांगते’ असा निरोप गेला नाही, तर उत्तम ओळखही विरून जाते.

सगळ्यात भरवशाची परीक्षा त्याच सभेत, न मागता होते. ज्याच्याशी दहा मिनिटांपूर्वी बोलणे झाले तो माणूस बाईंना तिसऱ्याकडे घेऊन जातो आणि त्यांची ओळख करून देतो. तो काय म्हणतो ते नीट ऐकावे. ‘ह्या मॅडम टूल्समध्ये आहेत’ असे तो म्हणाला, तर त्याच्यापर्यंत फक्त शीर्षक पोहोचले. ‘ह्या भोसरीच्या मॅडम, भंगारात टाकायच्या ड्रिलना धार लावून देतात, तुमच्याकडे तो प्रॉब्लेम होता ना?’ असे म्हणाला, तर काम, अडचण आणि मागणे ही तिन्ही पोहोचली आहेत. आणि त्याने वापरलेला एखादा शब्द आपल्या शब्दापेक्षा सोपा असेल, तर पुढच्या बैठकीपासून तोच आपल्या ओळखीत घ्यावा.